आधी कोण बसते, नंतर कोण जेवते
नजीब महफूज यांच्या कादंबरीतले कैरोचे एक घर

मराठी कथा-कादंबरीत मुस्लिम घर आले की पाठोपाठ कंस येतात. 'दस्तरखान' लिहिले की पुढे कंसात 'जेवणासाठी अंथरायचे कापड'. 'वुजू' लिहिले की 'नमाजपूर्वी हात-पाय-तोंड धुणे'. 'जियारत' आली की तळटीप आलीच. लेखकाचा हेतू चांगला असतो. शेजारच्या वाचकाला कळावे, एवढीच त्याची इच्छा असते. पण आम्हाला नेहमी असे वाटत आले आहे की कंसाने शब्द कळतो, घर कळत नाही. दस्तरखान म्हणजे कापड हे समजले. पण त्यावर आधी कोण बसते, कोण उभे राहते, चांगला तुकडा कोणाच्या ताटात जातो आणि शेवटी उरलेल्यावर कोण जेवते, हे कंसात मावत नाही. त्या घराची मूल्ये मात्र नेमकी तिथेच असतात.

ही गोष्ट एका लेखकाने किती सहजपणे साधली आहे, ते या लेखात पाहू. इजिप्तचे नजीब महफूज यांचा जन्म १९११ साली कैरोच्या गमालिया या जुन्या वस्तीत झाला. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या तीन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग 'बैन अल-कसरैन' १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढचे दोन १९५७ साली आले. तिन्ही भागांची नावे जुन्या कैरोतल्या रस्त्यांची आणि गल्ल्यांची आहेत. कथा १९१७ च्या सुमारास सुरू होते आणि १९४४ ला संपते. मधल्या काळात इंग्रजांविरुद्धचा १९१९ चा उठाव होऊन जातो, घरातला एक मुलगा त्यात गोळीला बळी पडतो, मुलींची लग्ने होतात, नातवंडे मोठी होतात.

घर आहे किराणा व्यापारी सय्यद अहमद अब्दुल जव्वाद यांचे. पत्नी अमीना. पहिल्या पत्नीचा मुलगा यासीन, मग अमीनाची चार मुले : खदीजा, फहमी, आयशा आणि धाकटा कमाल. जोडीला उम्म हनफी ही जुनी मोलकरीण. महफूज या माणसांच्या मनात काय चालले आहे ते पानेच्या पाने सांगतात, त्याबाबत ते अजिबात मितभाषी नाहीत. पण या घरात असे का करतात, मुसलमान असे का वागतात, हे ते सहसा सांगत बसत नाहीत. कोणी काय उचलले, कुठे ठेवले, कोण कुठे बसले, एवढे लिहितात आणि पुढे जातात.

कंदील आणि जिना

कादंबरी मध्यरात्री उघडते. अमीनाला रोज ठरल्या वेळी आपोआप जाग येते. ती मशरबियात जाऊन उभी राहते. मशरबिया म्हणजे रस्त्यावर पुढे आलेला, बारीक लाकडी जाळीने पूर्ण झाकलेला सज्जा. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतली बाई दिसत नाही. खाली मित्रांच्या हसण्याचा आवाज येतो, घोडागाडी थांबते. मग ती कंदील घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहते, नवऱ्याला पायऱ्या दिसाव्यात म्हणून. तो खोलीत येऊन कोचावर बसतो. ती त्याचे कपडे उतरवून घड्या घालते, बूट-मोजे काढते, तोंड धुण्यासाठी तस्त आणि सुरई आणते. हे सगळे झाले की ती बसते, पण कोचावर नाही. कोचाच्या खाली, त्याच्या पायांजवळच्या बैठकीवर.

ही स्त्री गुलाम आहे असे लेखक म्हणत नाही, आणि आदर्श पत्नी आहे असेही म्हणत नाही. उलट, हीच वेळ तिच्या आनंदाची आहे. बाहेर गाण्याबजावण्यात आणि मद्यात रात्र घालवून आलेला हा माणूस एरवी घरात ताठ आणि अबोल असतो, पण या घटकेला तिच्याशी मोकळेपणाने चार शब्द बोलतो. त्या चार शब्दांसाठी ती जागी राहते. कोच आणि खालची बैठक यांतल्या हातभर उंचीत हा सगळा संसार मांडलेला आहे.

कंदिलाचे आणखी एक काम आहे. कोवळ्या वयात लग्न होऊन या मोठ्या घरात आली तेव्हा अमीना रात्री एकटी असे. जिनांच्या भीतीने ती कंदील हातात घेऊन एकेका खोलीत जाई, कोपऱ्यांवर उजेड टाकी आणि पाठ असलेल्या आयती म्हणत दारे-खिडक्या लावी. आज तोच कंदील नवऱ्यासाठी आहे. वस्तू एकच, पण पहिल्या कामात तिची श्रद्धा आणि एकटेपण दिसते, दुसऱ्यात तिचे कर्तव्य. महफूज या दोन चित्रांना जोडणारे भाष्य करत नाहीत. वाचक ते आपोआप जोडतो.

न्याहारीचे ताट

पहाटे तळाच्या भट्टीच्या खोलीतून कणीक तिंबण्याचा दणका ऐकू येतो आणि घर जागे होते. मग येतो कादंबरीतला आमचा सर्वांत आवडता प्रसंग, न्याहारीचा.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत चटई, मध्ये बुटके मेज, भोवती उशा. वडील आधी येऊन मांडी घालून बसतात. मग तिघे मुलगे येतात, यासीन एका बाजूला, फहमी दुसऱ्या बाजूला आणि कमाल समोर. माना खाली. कोणी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. एकमेकांकडेही पाहत नाहीत, कारण चुकून हसू आले तर धडगत नाही. वडील कमालला हात दाखवायला सांगतात, धुतले की नाही ते तपासतात. मग अमीना मोठे ताट आणते. त्यात तुपात केलेला 'फूल', म्हणजे बाकल्याच्या दाण्यांचा इजिप्तच्या घराघरातला पदार्थ, सोबत अंडी. एका बाजूला गरम रोट्या, दुसऱ्या बाजूला लहान बशांतून चीज, लिंबाचे आणि मिरचीचे लोणचे, मीठ, तिखट. भूक लागलेली, वास येतो आहे, पण हात हलत नाही. वडील रोटी मोडतात, खायची आज्ञा देतात, मग वयाच्या क्रमाने हात पुढे होतात. अमीना पाण्याच्या मडक्याजवळ उभी आहे. ती आणि मुली नंतर जेवतील.

आता हाच प्रसंग कंसवाल्या पद्धतीने लिहून पाहू. 'त्या काळी इजिप्तच्या मुस्लिम कुटुंबात वडिलांचा धाक असे. पुरुष आधी जेवत, स्त्रिया नंतर. ज्येष्ठांचा मान राखला जाई.' यात खोटे काही नाही. पण या तीन वाक्यांनी दोन नुकसाने केली. पहिले, घर हरवले आणि 'मुस्लिम कुटुंब' नावाचा नमुना तयार झाला. ते सय्यद अहमदांचे घर राहिले नाही. दुसरे, वाचकाचा निकाल आधीच लागला. धाक म्हटले की वाचक नाक मुरडणार, मान म्हटले की डोलणार. महफूजच्या मेजावर दोन्ही एकाच वेळी हजर असतात, म्हणून वाचकाला निकाल देता येत नाही, नुसते पाहत राहावे लागते.

आणि पाहत राहिले की तिसरी गोष्ट दिसते. वडील उठून गेले की खरी लढाई सुरू होते. मोठ्या भावांच्या हाताच्या वेगापुढे कमालचा निभाव लागत नाही. मग तो एक युक्ती करतो. तो ताटावरच शिंकतो. भाऊ मागे सरतात, रागावतात आणि हसत हसत निघून जातात. सगळे ताट कमालचे! ज्या मेजावर मिनिटापूर्वी मान वर करायची सोय नव्हती, तिथेच हे घडते. धाकाच्या घरातही खोडकरपणाला आणि भावाभावांच्या मायेला जागा कशी असते, हे एका शिंकेने सांगितले. निबंधात ही शिंक कधीच आली नसती.

शेगडीभोवती

न्याहारीचे मेज वडिलांचे आहे, तशी कॉफीची शेगडी आईची. मगरिबच्या आधी, वडील दुकानात असताना, अमीना खालच्या मजल्यावरच्या बैठकीत येऊन बसते. समोर निखाऱ्यांची शेगडी, राखेत निम्मी रुतलेली कॉफीची किटली, बाजूला तबकात कप. यासीन आणि फहमीला कॉफी मिळते. लहान म्हणून कमालला मिळत नाही, त्याला गप्पांवर समाधान मानावे लागते. खदीजा टोमणे मारते, आयशा हसते, कमाल शाळेत शिकवलेले सांगतो आणि आई त्यात आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टींची भर घालते.

सकाळी अमीना उभी होती, इथे ती बसलेली आहे आणि मुले तिच्याभोवती आहेत. सकाळी बोलायची मुभा नव्हती, इथे कोणी गप्प बसत नाही. घरातल्या सत्तेला दोन केंद्रे आहेत, हे महफूज सांगत नाहीत. ते एक मेज मांडतात आणि एक शेगडी.

तिसरी जागा भट्टीच्या खोलीची. वरच्या मजल्यांवर अमीना दुसऱ्याच्या हुकमाने चालते, पण इथे तिचा हुकूम चालतो. रमजानचे पदार्थ इथे होतात, ईदचे केक आणि बिस्किटे इथे भाजली जातात, बकरी ईदचा मेंढा इथेच लाडाने पोसला जातो. आपल्याकडच्या वाचकाला शीरखुर्मा आठवेल. तो तिथे नाही, त्यांची ईद भट्टीतल्या खुसखुशीत 'कहक'ने गोड होते. पण ईदच्या आदल्या रात्री घरातल्या बाईला झोप नसते आणि त्या रात्री तिच्या शब्दापुढे कोणी जात नाही, हे कैरोत आणि कोल्हापुरात सारखेच आहे.

एका कोंबडीचा मुकदमा

खाण्यावरून माणसाची पायरी कशी ठरते, याचा मासला दुसऱ्या भागात आहे. खदीजा आणि आयशा दोघींची लग्ने शौकत या तुर्की वंशाच्या घराण्यात होतात, सख्ख्या भावांशी. खदीजाचे सासूशी पटत नाही. ती हट्ट करून आपली चूल वेगळी करते. आपल्या वाचक भगिनींना यापुढे काही सांगायला नको!

मग एक दिवस 'शरकसिया'वरून भडका उडतो. ही चेर्केसी पद्धतीची, अक्रोडाच्या दाट रश्शातली कोंबडी. कैरोच्या तुर्की वळणाच्या खानदानी घरांची ती शान समजली जाई. भांडणाचा मुद्दा असा की हा पदार्थ खदीजाच्या माहेरी कुठून आला? मूळचा कोणाचा? वाद इतका पेटतो की सय्यद अहमदना न्यायनिवाड्यासाठी बोलावतात. वरवर पाहता प्रसंग विनोदी आहे, आणि आहेच. पण शौकतांना खानदान आहे आणि व्यापाऱ्याच्या लेकीला स्वाभिमान आहे, हे आणखी कोणत्या रीतीने इतके स्वच्छ सांगता आले असते? पदार्थाची कृती मागणे, देणे, आणि ती कोणाकडून शिकलो हे कबूल करणे, यात कोण कोणाच्या वर हे ठरते. खदीजा अक्रोडासाठी भांडत नाही. आपल्या आईच्या हाताची किंमत कमी होऊ नये म्हणून भांडते.

जियारत

आता पुन्हा पहिल्या भागाकडे. घरापासून थोड्याच अंतरावर हजरत हुसैन यांच्या नावाची मशीद आहे. अमीना तिचे मिनार गच्चीवरून पाहते, तिथून सलाम करते, पण लग्नानंतर पाव शतक ती तिथे गेलेली नाही. नवऱ्याची परवानगी नाही. ती फक्त क्वचित, त्याच्याचबरोबर, आपल्या आईकडे जाते.

तो कामासाठी पोर्ट सईदला जातो तेव्हा मुले आईला आग्रह करतात. ती काळी चादर गुंडाळते, नकाब घेते आणि कमालचा हात धरून निघते. मशिदीत ती भिंतींना स्पर्श करते, रडते, तिथून पाय निघत नाही. परतताना एका मोटारीचा धक्का बसतो आणि खांद्याचे हाड मोडते. जिन्यावरून पडले असे सांग, असे मुले सुचवतात. पण नवऱ्यासमोर तिला खोटे बोलवत नाही. तो शांतपणे ऐकतो, डॉक्टर बोलावतो, हाड जुळेपर्यंत थांबतो, आणि मग तिला माहेरी जायला सांगतो.

इथे लेखकाला भाष्य करायचा मोह झाला नसेल का? श्रद्धाळू बाईचा गुन्हा काय, तर जियारत! आणि शिक्षा देणारा कोण, तर रोज रात्र मैफलीत घालवणारा, पण पहाटे मनापासून नमाज पढणारा माणूस. लेखक एकदाही म्हणत नाही की धर्म वेगळा आणि घरची सत्ता वेगळी. त्याने फक्त दोन वेळा आपल्याला दाखवून ठेवल्या आहेत : मध्यरात्रीची आणि पहाटेची. वाचक मुस्लिम असेल तर त्याला फरक लगेच जाणवतो, कारण परवानगी नाकारणारा नियम कोणत्या ग्रंथातून आला नाही, एका माणसाच्या हट्टातून आला, हे त्याला घरच्या अनुभवाने माहीत असते. वाचक मुस्लिम नसेल तर धोका आहे. तो कदाचित म्हणेल, 'यांच्यात असेच असते.' न समजावता लिहिण्याची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तिच्यावर महफूजचा उपाय कंस नाही. त्यांचा उपाय आहे शेजारी दुसरे घर दाखवणे. शौकतांच्या घरात सुना सैलपणे वावरतात, आयशा नवऱ्याशेजारी बसून गाते. धर्म तोच, शहर तेच, पण घर वेगळे. एवढे पाहिल्यावर 'यांच्यात' हा शब्दच टिकत नाही.

तीच शेगडी, तीच जाळी

तिसरा भाग उघडतो तो शेगडीवरच. थंडीचे दिवस आहेत, निखाऱ्यांवर हात शेकत बायका बसल्या आहेत. महफूज चेहऱ्यांआधी हात दाखवतात : अमीनाचे सुकलेले, दुःखाने कोळपलेल्या आयशाचे ताठरलेले, उम्म हनफीचे कासवाच्या पाठीसारखे खरखरीत, आणि आयशाच्या तरुण मुलीचे कोवळे. जुना कंदील आता नाही, विजेचा दिवा आला आहे. म्हाताऱ्या वडिलांच्या हृदयाला जिना झेपत नाही, म्हणून वरचा संसार खाली आणला आहे. 'काळ बदलला' हे वाक्य न लिहिता काळ बदलला.

आणि मशरबिया? शेवटी शेवटी सय्यद अहमद अंथरुणाला आणि घराला खिळतात. आता ते जाळीआडून रस्ता पाहत बसतात, आणि अमीना रोज बाहेर पडते, हुसैनच्या मशिदीत जाते, दुआ मागते, परत येते. उशीर झाला की नवरा कुरकुरतो. पहिल्या पानावर ती वाट पाहत होती, आता तो पाहतो. जाळी तीच आहे, फक्त तिच्यामागचे माणूस बदलले. यात सूड नाही की विजय नाही. ज्या मुलाच्या मृत्यूनंतर तिला बाहेर पडायची मोकळीक मिळाली, त्याच्याच आठवणीने ती चालते आहे, हे आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे तिच्या या स्वातंत्र्याचा आनंद करावा की रडावे, ते कळत नाही.

आपल्या भाषेत आपल्या घरांविषयी लिहिणाऱ्या तरुणांना आम्ही यावरून एक साधी कसोटी सुचवू. लिहून झाले की स्पष्टीकरणाचे वाक्य खोडून पाहावे. ते खोडल्यावर प्रसंग उभा राहत असेल तर ते वाक्य नको होते. प्रसंग कोसळत असेल तर वाक्य परत लिहू नये, प्रसंगच पुन्हा पाहावा : कोण बसले होते, कोण उभे होते, भांडे कोणाच्या हातात होते, आधी कोणाला मिळाले. उत्तर बहुधा तिथेच राहून गेलेले असते.

महफूजनी तर एवढ्या मोठ्या कादंबरीचा शेवटही वस्तूंवर केला आहे. अमीना मृत्युशय्येवर आहे. यासीनला नातवंड होणार आहे, म्हणून तो बाळासाठी कपडे घेतो. कमालला काळा टाय घ्यायचा आहे, कारण वडिलांच्या दुखवट्यात वापरलेला जुना टाय झिजून गेला. दोघे भाऊ दुकानातून खरेदी करून घराकडे चालू लागतात.